पाच लाखांची रेषा : सहकारी, लघु वित्त आणि व्यापारी बँकेत ठेव ठेवताना

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांतील ठेवीदारांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : शेजारची सहकारी बँक जास्त व्याज देते, नव्याने आलेली लघु वित्त बँक त्याहूनही जास्त देते आणि सरकारी बँक सर्वांत कमी देते, तेव्हा पैसे नेमके कोठे ठेवावेत? या प्रश्नामागे बहुधा दोन समजुती असतात. सरकारी बँकेतील संपूर्ण रकमेची हमी सरकार लेखी देते, ही पहिली. आणि सहकारी बँकेतील ठेवीला कसलेच संरक्षण नसते, ही दुसरी. या दोन्ही समजुती चुकीच्या असून कायद्याने दिलेले ठेव विम्याचे संरक्षण तिन्ही प्रकारच्या बँकांत सारखेच आहे. खरा फरक बँक अडचणीत आल्यानंतर पैसे किती दिवस अडकून पडतात आणि पाच लाखांच्या वरच्या रकमेचे काय होते, या दोन गोष्टींत आहे. आपला निर्णय त्यांवरच आधारित असावा.

आधी संस्था ओळखावी

व्यापारी बँक म्हणजे बँकिंग विनियमन कायद्याखाली चालणारी, भागधारकांच्या मालकीची बँक. स्टेट बँक, बँक ऑफ इंडिया यांसारख्या सरकारी आणि एचडीएफसी, आयसीआयसीआय यांसारख्या खासगी बँका या वर्गात येतात. लघु वित्त बँक हीदेखील रिझर्व्ह बँकेचा पूर्ण परवाना असलेली बँकच असते. ती फायनान्स कंपनी नव्हे. या वर्गासाठीचे नियम रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केले आणि २०१६ पासून या बँका प्रत्यक्ष सुरू झाल्या. त्यांनी आपले कर्ज प्रामुख्याने छोट्या कर्जदारांना द्यावे, असे बंधन त्यांच्यावर आहे. त्या बदल्यात त्यांना स्वतःचे भांडवलही अधिक, म्हणजे जोखमीच्या तुलनेत किमान १५ टक्के, राखावे लागते.

सहकारी बँक ही सभासदांच्या मालकीची असते आणि जिल्ह्यात ती दोन रूपांत भेटते : शहरात काम करणारी नागरी सहकारी बँक आणि विकास सोसायट्यांमार्फत पीककर्ज देणारी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. या दोन्हींना रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो.

या तिघींच्या पंक्तीत न बसणारी चौथी संस्था म्हणजे पतसंस्था. तिचे पासबुक, तिचा काउंटर आणि घरी येऊन दैनिक ठेव गोळा करणारा तिचा प्रतिनिधी हे सगळे बँकेसारखेच दिसते; परंतु पतसंस्था, मग ती एका जिल्ह्याची असो वा अनेक राज्यांत शाखा असलेली मल्टिस्टेट असो, बँक नसते आणि तिच्यातील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नसते. बाजारपेठेत "बँकेत ठेवले होते" असे म्हणून ज्या बुडालेल्या पैशांची कहाणी सांगितली जाते, त्यांतील कित्येक प्रकरणे प्रत्यक्षात पतसंस्थेची असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पुढील तीन गोष्टी पाहाव्यात :

- ठेव विमा महामंडळाच्या dicgc.org.in या संकेतस्थळावरील विमाधारक बँकांच्या यादीत संस्थेचे पूर्ण नाव आहे काय.
- बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता .bank.in ने संपतो काय. हा पत्ता केवळ परवानाधारक बँकांनाच दिला जातो.
- पावतीवर "ठेव" असे लिहिले आहे की "भाग" म्हणजे शेअर. शेअरची रक्कम ही मालकीतील वाटा असते, तिला विमा लागू नाही, आणि ठेवीबरोबर शेअर घेण्याचा आग्रह धरला गेल्यास आपण नकार देऊ शकता.

पाच लाख कसे मोजले जातात

ठेव विमा व पत हमी महामंडळ ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची संस्था असून ती प्रत्येक बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला कमाल ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. ही मर्यादा १९९३ पासून १ लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदाराला काही भरावे लागत नाही व अर्जही करावा लागत नाही.

मर्यादा मोजताना ठेवीदारांच्या चार ठिकाणी चुका होतात. पहिली चूक शाखांची : एकाच बँकेच्या वर्धा व सेलू शाखांत स्वतंत्र ठेवी ठेवल्या तरी त्या एकत्रच धरल्या जातात. दुसरी चूक व्याजाची : पाच लाखांत मुद्दल आणि साठलेले व्याज दोन्ही येतात, त्यामुळे बरोबर ५ लाखांची पावती केल्यास तिच्यावरील व्याज पहिल्या दिवसापासूनच संरक्षणाबाहेर जाते. आठ टक्के दराने, दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवणारी ठेव असेल, तर एका वर्षासाठी सुमारे ४ लाख ६० हजार आणि तीन वर्षांसाठी सुमारे ३ लाख ९० हजार एवढेच मुद्दल ठेवले असता मुदतअखेरची रक्कम पाच लाखांच्या आत राहते.

तिसरी चूक कर्जाची असते. त्याच बँकेचे सोनेतारण किंवा अन्य कर्ज आपल्या नावावर असेल, तर ते ठेवीतून आधी वळते करून घेण्याचा बँकेला अधिकार असतो आणि उरलेल्या रकमेवरच विमा मोजला जातो. चौथी बाब चुकीपेक्षा न वापरलेल्या सोयीची आहे : विमा प्रत्येक "हक्क आणि नाते" यांना स्वतंत्रपणे लागू होतो. पतीच्या एकट्याच्या नावावरील ठेव, पत्नीच्या एकटीच्या नावावरील ठेव आणि दोघांची संयुक्त ठेव या तीन वेगळ्या ठेवी धरल्या जातात आणि प्रत्येकीला पाच लाखांचे वेगळे संरक्षण मिळते. एकल मालकीच्या दुकानाचे खाते मात्र मालकाच्या वैयक्तिक ठेवीतच मिळवले जाते.

शेजारच्या यवतमाळमध्ये काय घडले

विमा समान असूनही बँकांतील फरक कोठे जाणवतो, हे वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळच्या उदाहरणावरून समजते. तेथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वसमावेशक निर्देश लागू केले. नव्या ठेवी घेणे, नवे कर्ज देणे आणि ठेवी परत करणे या सर्वांवर परवानगीवाचून बंदी घालणाऱ्या आदेशाला असे म्हणतात. त्यानुसार प्रत्येक ठेवीदाराला केवळ ५ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. एक वर्षानंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, बँकेचा परवानाच रद्द झाला. सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले आणि तोपर्यंत महामंडळाने जवळपास २९५ कोटी रुपये वाटलेही होते.

या आकड्याकडे दोन बाजूंनी पाहणे आवश्यक आहे. दहापैकी आठ ठेवीदारांचे पैसे, बँक बुडूनही, वाचले, हे सहकारी बँकेला सरसकट नाकारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आणि दर पाचांपैकी एका ठेवीदाराची शिल्लक पाच लाखांहून अधिक होती व तिचा वरचा भाग अवसायनाच्या, म्हणजे बँकेची मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या, अनिश्चित प्रक्रियेत गेला, हे जास्त व्याजासाठी सर्व पुंजी एका ठिकाणी ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

हे पैसे परवाना रद्द होण्यापूर्वीच मिळू शकले, याचे कारण १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेली कायद्यातील दुरुस्ती होय. तिच्यापूर्वी विम्याची रक्कम बँक प्रत्यक्ष अवसायनात गेल्यावरच मिळत असे. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचे ठेवीदार २०१३ पासून अनेक वर्षे ताटकळले ते यामुळेच. आता निर्देश लागू झाल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम देणे महामंडळावर बंधनकारक आहे : पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची आणि पुढच्या ४५ दिवसांत महामंडळाने पडताळणी करून पैसे द्यायचे. बँकेच्या विलीनीकरणाची योजना विचाराधीन असल्यास ही मुदत आणखी ९० दिवसांनी वाढू शकते.

व्यापारी बँकेची गोष्ट वेगळी घडते. येस बँकेवर ५ मार्च २०२० रोजी निर्बंध आले आणि स्टेट बँकेसह इतरांनी भांडवल घातल्यावर १८ मार्चला ते उठले. लक्ष्मी विलास बँकेवरील निर्बंध नोव्हेंबर २०२० मध्ये आले आणि दहा दिवसांत ती डीबीएस बँकेत विलीन झाली. दोन्ही प्रसंगी ठेवीदारांच्या पाच लाखांवरील रकमेलाही धक्का लागला नाही. याउलट मुंबईच्या पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आल्यानंतर सुटका होण्यास २०२२ चा जानेवारी उजाडला. तेव्हा ती युनिटी या लघु वित्त बँकेत विलीन झाली खरी; परंतु मोठ्या ठेवीदारांची पाच लाखांवरील रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याचे ठरले.

हा फरक संचालकांच्या सचोटीपेक्षा संस्थेच्या रचनेतून अधिक येतो. व्यापारी बँक अडचणीत आली तर तिचे शेअर विकत घेऊन भांडवल घालणारा गुंतवणूकदार शोधता येतो. सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत असते, शेअर मूळ किमतीलाच दिले जातात आणि त्यांना बाजारभाव नसतो. त्यामुळे मोठी रक्कम घेऊन कोणी पुढे येत नाही. शिवाय वर्धा जिल्ह्यातील छोट्या बँकेचे ठेवीदार आणि कर्जदार एकाच पिकावर जगतात. कापूस किंवा सोयाबीनचे वर्ष वाईट गेले, की जिनिंगवाल्याचे, कृषी सेवा केंद्राचे आणि किराणा व्यापाऱ्याचे हप्ते एकाच वेळी थकतात आणि त्याच महिन्यांत ठेवीदारांनाही आपले पैसे काढण्याची गरज पडते.

सहकारी बँकेत पैसे अडकण्याचा अनुभव जिल्ह्याने स्वतः घेतला आहे. २००२ मध्ये उघडकीस आलेल्या होम ट्रेड या दलाल कंपनीच्या सरकारी रोखे घोटाळ्यात नागपूरबरोबर वर्धा जिल्हा मध्यवर्ती बँकेचेही पैसे अडकले होते. पुढे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या देशातील ज्या २३ जिल्हा बँकांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँका होत्या. त्या काळात ठेवीदारांना, त्यांत बहुसंख्य शेतकरी, आपल्याच पैशांसाठी दीर्घकाळ थांबावे लागले.

लघु वित्त बँकांच्या बाबतीत ठेवी काढण्यावर निर्बंध येण्याची वेळ अद्याप आलेली नाही. मात्र त्यांचे वय दहा वर्षांच्या आसपासच आहे आणि त्यांपैकी अनेकींचे बरेचसे कर्ज महिलांच्या गटांना दिलेले विनातारण सूक्ष्मकर्ज असल्याने एखाद्या भागात वसुली थांबली, तर त्यांच्या नफ्याला लगेच फटका बसतो. त्या अधिक व्याज देतात, ते ठेवी मिळवण्याची त्यांची गरज मोठी असल्यामुळे आणि कर्जावरील त्यांचा दरही चढा असल्यामुळे.

अठरा लाखांचा हिशेब

समजा, हिंगणघाटच्या एका निवृत्त शिक्षकाकडे निवृत्तीनंतर १८ लाख रुपये आले आहेत. व्यापारी बँक साडेसहा, सहकारी बँक साडेसात आणि लघु वित्त बँक आठ टक्के व्याज देते, असे उदाहरणापुरते धरावे. प्रत्यक्ष दर सतत बदलतात.

सर्व रक्कम व्यापारी बँकेत ठेवल्यास वर्षाला १,१७,००० रुपये व्याज मिळेल आणि सर्व रक्कम एकाच सहकारी बँकेत ठेवल्यास १,३५,००० रुपये. फरक १८ हजारांचा, म्हणजे महिन्याला दीड हजाराचा आहे आणि पेन्शनवर चालणाऱ्या घराला तो मोह पाडणारा आहे. परंतु या १८ हजारांपैकी ५ हजारच विमा असलेल्या पाच लाखांवर मिळतात. उरलेले १३ हजार विमा नसलेल्या १३ लाखांवर मिळतात. दरवर्षी १३ हजारांसाठी १३ लाख उघड्यावर ठेवणे हा सौदा कोणत्याही ठेवीदाराने करू नये.

तिसरा मार्ग असा : सहकारी बँकेत साडेचार लाख, लघु वित्त बँकेत साडेचार लाख आणि व्यापारी बँकेत नऊ लाख. यांचे वार्षिक व्याज अनुक्रमे ३३,७५०, ३६,००० आणि ५८,५०० म्हणजे एकूण १,२८,२५० रुपये होते. सर्व काही सहकारी बँकेत ठेवण्यापेक्षा हे वर्षाला ६,७५० रुपयांनी, म्हणजे महिन्याला साडेपाचशेंच्या आसपास, कमी आहे. पण पहिल्या दोन्ही बँकांतील रक्कम पूर्ण संरक्षित राहते. व्यापारी बँकेतील नऊ लाखांपैकी निम्मी रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त नावाने ठेवली, तर तीही पूर्ण विम्यात बसते. नाव बदलल्याने व्याजावरील आयकर टळत नाही. ज्याचा पैसा, त्याच्याच उत्पन्नात ते व्याज धरले जाते.

या मांडणीत दोन दक्षता घ्याव्यात. सहकारी आणि लघु वित्त बँकेतील ठेवींचे व्याज साठू न देता दर तिमाहीला आपल्या व्यापारी बँकेतील खात्यात घ्यावे, म्हणजे पाच लाखांची रेषा ओलांडली जात नाही. दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची आहे : सहा महिन्यांचा घरखर्च, पेरणीचा खर्च, ठरलेले लग्न किंवा शस्त्रक्रिया यांसाठीची रक्कम सहकारी बँकेत ठेवू नये. विमा पैसे वाचवतो, पण ते वेळेवर मिळतील याची खात्री देत नाही. जूनमध्ये बियाणे घ्यायचे असताना ९० दिवसांनी मिळालेले पैसे त्या हंगामाच्या उपयोगाचे नसतात.

सहकारी बँकेचा अहवाल वाचताना

साडेचार लाख ठेवायचे असले तरी बँक पारखून घ्यावी. वार्षिक सभेपूर्वी छापल्या जाणाऱ्या अहवालातील दोन आकडे त्यासाठी पुरेसे असतात. निव्वळ अनुत्पादक कर्ज, म्हणजे तरतूद वजा करून उरलेले थकीत कर्ज, ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. नागरी सहकारी बँकेला सुदृढ ठरवताना रिझर्व्ह बँकही हीच मर्यादा वापरते. दुसरा आकडा भांडवल पर्याप्ततेचा, म्हणजे जोखमीच्या कर्जाच्या तुलनेत बँकेकडे स्वतःचे भांडवल किती आहे याचा. लहान नागरी बँकांसाठी ते किमान ९ आणि मोठ्यांसाठी १२ टक्के लागते. आपण निवडलेली बँक या रेषेच्या बरीच वर असावी.

अहवाल वेळेवर न मिळणे, सभा लांबणीवर पडणे, गावातील इतर सर्व बँकांपेक्षा दीड-दोन टक्के अधिक व्याज जाहीर होणे आणि मुदत संपलेली ठेव परत मागितली असता "आणखी सहा महिने ठेवा" असा आग्रह होणे, ही बँकेला रोख रकमेची चणचण असल्याची लक्षणे आहेत. असे दिसताच मुदतपूर्व मोडण्याचा दंड सोसूनही पाच लाखांवरील रक्कम काढून घ्यावी.

निर्बंध आल्यास काय करावे

१. घाबरून ठेव सवलतीत विकत घेणाऱ्या किंवा "ओळखीने काढून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाकडे जाऊ नये.
२. बँकेत ठेवीदाराचे संमतिपत्र, ओळखीचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतील आपल्या खात्याचा तपशील ४५ दिवसांच्या आत द्यावा. हे पत्र न दिलेल्या किंवा केवायसी अपुरी असलेल्या ठेवीदारांचे पैसे मागे राहतात. म्हणून प्रत्येकाचे दुसऱ्या बँकेत चालू स्थितीतील एक तरी खाते असावे.
३. पासबुकात शेवटची नोंद आणि व्याज भरून घ्यावे आणि दैनिक ठेवीची प्रतिनिधीने दिलेली प्रत्येक पावती ताडून पाहावी.

एरवीच्या तक्रारींसाठी, जसे मुदत संपूनही ठेव न देणे किंवा वारसाला रक्कम नाकारणे, आधी बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. व्यापारी व लघु वित्त बँका आणि ५० कोटी वा त्याहून अधिक ठेवींच्या नागरी सहकारी बँका या योजनेत पूर्वीपासून असून १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकाही तिच्या कक्षेत आल्या आहेत. पतसंस्थेविरुद्धची तक्रार मात्र लोकपालाकडे चालत नाही. ती वर्ध्यातील जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे आणि मल्टिस्टेट असल्यास दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे करावी लागते.

त्याच १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा वाटाही टक्क्यांत लिहिता येतो. घरातील जुन्या पावत्या आजच बाहेर काढून त्यांवर नामनिर्देशिताचे नाव आहे काय आणि एका बँकेतील सर्व पावत्यांची बेरीज व्याजासह किती होते, एवढे दोन तपशील वाचकांनी तपासून पाहावेत. बेरीज पाच लाखांपुढे जात असेल, तर पुढची मुदत संपताच वरची रक्कम दुसऱ्या बँकेत हलवावी.